नेमप्लेटवर १४.४ ॲम्पिअर, मग रिले ८.३ वर का लावायचा? डेल्टा जोडणीतला १.७३ चा हिशेब

विहिरीवर १० एचपीची मोटर आहे. तिच्या नेमप्लेटवर लिहिलंय: ७.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, डेल्टा, १४.४ ॲम्पिअर. जुना स्टार्टर गेला म्हणून नवा स्टार-डेल्टा स्टार्टर आणला. झाकण उघडून बघितलं तर आतल्या ओव्हरलोड रिलेची चकती फक्त ६ ते १० ॲम्पिअरची.

इथे पहिला संशय दुकानदारावर जातो. मोटर १४.४ ॲम्पिअर घेते आणि रिले १० च्या पुढे जातच नाही, म्हणजे चुकीचा माल दिला. मग कुणीतरी तो रिले काढून मोठ्या रेंजचा बसवतं, चकती १४.४ वर फिरवतं आणि मोटर चालू करतं. मोटर छान चालते. रिले एकदाही पडत नाही. आणि एखाद्या उन्हाळ्यात, व्होल्टेज कमी असताना, मोटर जळते. रिले तेव्हाही पडलेला नसतो.

दुकानदाराने दिलेला रिले बरोबर होता. ६ ते १० ची चकती आणि १४.४ ची नेमप्लेट यांच्यात भांडण नाही. दोन्ही आकडे एकाच मोटरचे आहेत, फक्त दोन वेगळ्या ठिकाणी मोजलेले. ही दोन ठिकाणं कोणती आणि एका आकड्यावरून दुसरा कसा काढायचा, ते बघू.

डेल्टा म्हणजे नेमकं काय?

थ्री फेज मोटरमध्ये तीन वायंडिंग असतात, एकसारखी. प्रत्येकाला दोन टोकं, म्हणजे एकूण सहा. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये जे सहा बोल्ट दिसतात ते हेच. त्यांच्यावर यू-१, यू-२, व्ही-१, व्ही-२, डब्ल्यू-१, डब्ल्यू-२ अशी नावं असतात. जुन्या मोटरींवर ए, बी, सी सापडतात.

आता पहिल्याचं शेवटचं टोक दुसऱ्याच्या सुरुवातीला, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या आणि तिसऱ्याचं पुन्हा पहिल्याच्या सुरुवातीला जोडा. एक बंद त्रिकोण तयार होतो. ग्रीक डेल्टा अक्षर त्रिकोणी असतं, म्हणून हे नाव. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांना डीपीवरून आलेल्या आर, वाय आणि बी या तीन तारा लागतात. न्यूट्रलला इथे जागाच नाही.

या चित्रातून दोन गोष्टी लगेच दिसतात, आणि पुढचं सगळं गणित त्यांच्यावरच उभं आहे.

पहिली गोष्ट: त्रिकोणाची प्रत्येक बाजू थेट दोन तारांच्या मध्ये आहे. आर आणि वायच्या मध्ये एक वायंडिंग, वाय आणि बीच्या मध्ये दुसरं, बी आणि आरच्या मध्ये तिसरं. म्हणजे दोन तारांमध्ये जे ४१५ व्होल्ट आहेत, ते पूर्णच्या पूर्ण एका वायंडिंगवर पडतात. त्यामुळे डेल्टामध्ये लाइन व्होल्टेज आणि फेज व्होल्टेज एकच.

दुसरी गोष्ट: प्रत्येक तार कोपऱ्याला लागते, आणि कोपऱ्यावर दोन वायंडिंग भेटतात. म्हणजे तारेतून आलेला करंट तिथे दोघांत वाटला जातो. तारेतला करंट आणि वायंडिंगमधला करंट एक नसणार, हे उघड आहे. तारेतला तो लाइन करंट, वायंडिंगमधला तो फेज करंट.

नेमप्लेटवर छापलेला करंट कायम तारेतला असतो. कंपनीला आत कुठलं वायंडिंग किती घेतं हे ग्राहकाला सांगायचं नसतं. बाहेरच्या तारांना किती झेपलं पाहिजे, एवढंच ती सांगते.

पहिली पायरी: एका वायंडिंगपुरतं बघा

थ्री फेजचं गणित बघून घाबरायला होतं, कारण एकदम तिन्हींचा विचार केला जातो. लोड बॅलन्स्ड असेल, म्हणजे तिन्ही बाजू हुबेहूब सारख्या असतील, तर त्याची गरज नाही. एक बाजू सोडवायची. बाकीच्या दोन तशाच, फक्त १२० अंशांनी मागे-पुढे.

आपली मोटर पूर्ण लोडवर चालू असताना तिचं एक वायंडिंग सप्लायला कसं दिसतं? समजा ४० ओहमचा रेझिस्टन्स आणि त्याच्यासोबत ३० ओहमचा रिॲक्टन्स. दोन्ही मिळून इम्पिडन्स किती? ७० नाही. रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स एकमेकांशी काटकोनात असतात, त्यामुळे शाळेतला पायथागोरस लावायचा. ४० चा वर्ग १६००, ३० चा वर्ग ९००, बेरीज २५००, वर्गमूळ ५०. तर इम्पिडन्स ५० ओहम.

एक खुलासा इथेच केलेला बरा. मल्टिमीटर घेऊन बंद मोटरचं वायंडिंग मोजलंत तर ४० ओहम दिसणार नाहीत. त्यापेक्षा खूपच कमी दिसतील, कारण मीटर फक्त तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मोजतो. हे ४० ओहम चालू मोटरचे आहेत. त्यातला मोठा भाग म्हणजे मोटर जे पाणी उचलण्याचं काम करते, त्याचं विजेच्या भाषेतलं रूप. लोड कमी-जास्त झाला की हा आकडाही बदलतो. थ्री फेज हीटर किंवा भट्टी असेल तर मात्र मीटरवरचा आकडा आणि चालू असतानाचा आकडा बराचसा जुळतो.

आता ओहमचा साधा नियम. एका वायंडिंगवर ४१५ व्होल्ट, समोर ५० ओहम.

I_ph = V_L ÷ Z = ४१५ ÷ ५० = ८.३ ॲम्पिअर

हा फेज करंट. मोटरच्या आत तांब्याच्या तारेतून खरोखर वाहणारा. मोटर तापते ती याच्यामुळे.

याच पायरीवर होणारी चूक म्हणजे ४१५ ऐवजी २४० व्होल्ट घेणं. घरच्या वायरिंगची सवय असलेल्याला 'एक फेज म्हणजे २३०-२४०' असं वाटणं साहजिक आहे. पण ते फेज आणि न्यूट्रलमधलं व्होल्टेज. डेल्टात न्यूट्रल नाहीच, त्यामुळे त्या आकड्याचा इथे संबंध नाही. स्टार जोडणीत तो लागतो, डेल्टात नाही.

दुसरी पायरी: हे १.७३ येतं कुठून?

पुस्तकात इथे एक ओळ असते: लाइन करंट म्हणजे फेज करंट गुणिले वर्गमूळ तीन.

I_L = √३ × I_ph = १.७३२ × ८.३ = १४.३८ ॲम्पिअर

नेमप्लेटवरचे १४.४ मिळाले. पण प्रश्न उरतो की कोपऱ्यावर दोन वायंडिंग आहेत, प्रत्येक ८.३ घेतं, तर तारेत १६.६ का नाही? दोनने का गुणायचं नाही? १.७३ हा मधलाच आकडा कुठला?

कारण दोन्ही वायंडिंग एकाच क्षणी आपलं शिखर गाठत नाहीत.

एसी करंट सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरी मारतो. शून्यातून वर चढतो, शिखरावर जातो, परत शून्यावर येतो, मग उलट दिशेने तेच करतो. तीन वायंडिंगमधले करंट एकमेकांपासून एक तृतीयांश फेरी मागे-पुढे असतात. आता आर तार जिथे लागते तो कोपरा डोळ्यांसमोर आणा. एक वायंडिंग तिथून वायकडे जातं, दुसरं बीकडून तिथे येतं.

आर तारेतला करंट ज्या क्षणी सर्वांत जास्त असतो, तो क्षण गोठवला तर काय दिसेल? पहिलं वायंडिंग कोपऱ्यातून करंट ओढतंय, पण ते स्वतःच्या शिखराच्या ८६.६ टक्क्यांवर आहे. दुसऱ्या वायंडिंगमध्येही त्या क्षणी ८६.६ टक्केच आहे, आणि दिशा अशी की तेही याच कोपऱ्यातून ओढतंय. तिसऱ्या वायंडिंगमध्ये, जे वाय आणि बीच्या मध्ये आहे, त्या क्षणी करंट शून्य. तारेला दोघांची मागणी पुरवायची आहे: ०.८६६ अधिक ०.८६६, म्हणजे १.७३२. वर्गमूळ तीन हाच तो आकडा.

पहिल्या वायंडिंगने स्वतःचं १०० टक्के शिखर गाठलं, तेव्हा दुसरं ५० टक्क्यांवर असतं. बेरीज दीड. म्हणजे तारेला दोन पट कधीच भेटत नाही, जास्तीत जास्त १.७३ पटच.

लक्षात घ्या, हा आकडा मोटरच्या कंपनीवर, एचपीवर किंवा तारेच्या जाडीवर अवलंबून नाही. तो फक्त एका गोष्टीवर टिकून आहे: तिन्ही बाजू सारख्या आणि तिन्ही एकमेकांपासून १२० अंशांवर. ही अट मोडली की १.७३ ही मोडतो. त्याकडे शेवटी येऊ.

तिसरी पायरी: एकूण पॉवर

एका वायंडिंगची पॉवर म्हणजे त्याचं व्होल्टेज, त्याचा करंट आणि पॉवर फॅक्टर यांचा गुणाकार. पॉवर फॅक्टर इथे रेझिस्टन्स भागिले इम्पिडन्स, म्हणजे ४० ÷ ५० = ०.८.

एका वायंडिंगचे: ४१५ × ८.३ × ०.८ = २,७५५.६ वॅट

तिघांचे: ३ × २,७५५.६ = ८,२६६.८ वॅट, म्हणजे साधारण ८.२७ किलोवॅट.

पण प्रत्यक्षात वायंडिंगच्या आत जाऊन करंट मोजायला कोण बसतंय? हाताशी असतो तो तारेतला करंट. म्हणून सूत्रात फेज करंटच्या जागी लाइन करंट भागिले √३ लिहितात. तिनाला √३ ने भागलं की √३ उरतो, आणि तयार होतं ते प्रसिद्ध सूत्र:

P = √३ × V_L × I_L × cos φ

१.७३२ × ४१५ × १४.३८ × ०.८ केलं की पुन्हा ८.२७ किलोवॅटच येतात. आकडे गोल केल्यामुळे एक-दोन वॅटचा फरक दिसला तर तो सोडून द्या.

नेमप्लेटवर ७.५ किलोवॅट आहे आणि इथे ८.२७ आले, म्हणजे गणित चुकलं का? नाही. नेमप्लेटवरचे ७.५ हे शाफ्टवर मिळणारे, आणि ८.२७ हे तारेतून घेतलेले. मधला पाऊण किलोवॅट मोटर गरम करण्यात आणि घर्षणात जातो. हिशेब केला तर कार्यक्षमता सुमारे ९१ टक्के होते. मीटरवर मात्र ८.२७ च मोजले जातात: मोटर पूर्ण लोडवर आठ तास चालली तर साधारण ६६ युनिट.

आता या सूत्रातल्या एका सापळ्याबद्दल. cos φ मधला φ कोणता? सूत्रात लाइन व्होल्टेज आणि लाइन करंट असल्यामुळे या दोघांमधलाच कोन असणार, असं वाटतं. तसं नाही. तो कोन एका वायंडिंगचं व्होल्टेज आणि त्याच वायंडिंगचा करंट यांच्यातला. आपल्या मोटरसाठी तो सुमारे ३७ अंश आहे. आर तारेतला करंट आर-वाय व्होल्टेजच्या मागे असतो तो आणखी ३० अंश, म्हणजे ६७. त्याचा कोसाइन ०.३९. तो वापरला तर पॉवर निम्म्याहून कमी येईल.

उत्तर बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

यासाठी एक सोपी पडताळणी आहे, आणि ती कुठल्याही √३ शिवाय होते. खरी पॉवर फक्त रेझिस्टन्समध्येच खर्च होते. म्हणून फेज करंटचा वर्ग करा, रेझिस्टन्सने गुणा, आणि तिनाने गुणा.

३ × ८.३ × ८.३ × ४० = ८,२६६.८ वॅट

तंतोतंत जुळलं. जुळलं नसतं तर चूक कुठे आहे तेही आकड्यावरून कळतं. कुणी √३ च्या सूत्रात लाइनऐवजी फेज करंट टाकला तर ४.७७ किलोवॅट येतात, खऱ्यापेक्षा १.७३ पट कमी. कुणी तिनाने गुणायच्या सूत्रात लाइन करंट टाकला तर १४.३ किलोवॅट येतात, १.७३ पट जास्त. आणि कुणी सुरुवातीलाच २४० व्होल्ट घेतले असतील तर सगळं बरोब्बर तिसरा हिस्सा, २.७६ किलोवॅट. उत्तर १.७३ पट किंवा ३ पट चुकतंय असं दिसलं, की गुणाकार तपासत बसू नका. लाइन आणि फेज यांची अदलाबदल झालेली असते.

आता रिलेकडे परत

स्टार-डेल्टा स्टार्टर मोटरला आधी स्टारमध्ये सुरू करतो, म्हणजे सुरुवातीचा झटका कमी बसतो, आणि मग काही सेकंदांनी डेल्टात टाकतो. हे करण्यासाठी त्याला सहाही टोकं हाताशी लागतात, म्हणून स्टार्टरपासून मोटरपर्यंत सहा तारा जातात.

मोटर डेल्टात चालू असताना त्रिकोण पूर्ण होतो तो मोटरमध्ये नाही, तर स्टार्टरच्या पेटीत. याचा अर्थ कोपरेही पेटीतच आहेत. डीपीवरून आलेली तार पेटीत येते, तिथे तिचे दोन फाटे होतात, आणि पेटीतून मोटरकडे जाणाऱ्या सहा तारांपैकी प्रत्येकीत एकाच वायंडिंगचा करंट असतो. पेटीच्या अलीकडे १४.४, पलीकडे ८.३.

नेहमीच्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, मोटरकडे जाणाऱ्या तीन तारांवर बसवलेला असतो. म्हणजे कोपऱ्याच्या पलीकडे. त्याला १४.४ कधी दिसतच नाहीत, त्याला दिसतात ८.३. म्हणून त्याची चकती नेमप्लेटच्या करंटला १.७३ ने भागून लावायची, किंवा वायरमन मंडळी करतात तसं ०.५८ ने गुणून. १४.४ × ०.५८ म्हणजे ८.३५.

आता तोच रिले १४.४ वर लावला तर? रिले पडायचा विचार सुरू करेल तो वायंडिंगमध्ये १४.४ झाल्यावर. तेव्हा बाहेरच्या तारेत १.७३ पट, म्हणजे जवळजवळ २५ ॲम्पिअर असतील. वायंडिंगमध्ये ठरलेल्यापेक्षा १.७३ पट करंट, आणि तांब्यात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १.७३ चा वर्ग तीन. म्हणजे तांब्यात तिप्पट उष्णता होईपर्यंत रिले शांत बसून राहील. वायंडिंगवरचं वॉर्निश एवढं सहन करत नाही.

उलटी चूकही होते. काही स्टार्टरमध्ये रिले आत येणाऱ्या तारांवरच, म्हणजे फाटा फुटायच्या आधी बसवलेला असतो. तिथे तो पूर्ण १४.४ बघतो. अशा रिलेवर कुणी ०.५८ चा नियम लावून ८.३ ठेवले तर मोटर लोडवर आली की थोड्या वेळात पडणार. ही चूक निदान लपून राहत नाही. त्रास असा की वारंवार पडणाऱ्या रिलेवर वैतागून शेवटी तो बायपास केला जातो, आणि मग काहीच संरक्षण उरत नाही.

साधा डायरेक्ट स्टार्टर असेल, जो मोटरला थेट डेल्टात चालू करतो आणि मोटरकडे तीनच तारा नेतो, तर प्रश्नच नाही. तिथे त्रिकोण मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्येच पत्र्याच्या पट्ट्यांनी बांधलेला असतो. पेटीतल्या सगळ्या तारा लाइनच्या, त्यामुळे रिले नेमप्लेटच्या करंटवरच लावायचा.

टाँग टेस्टरने दोन मिनिटांत

आपला रिले कुठे बसलाय हे वायरिंगवरून ओळखता येत नसेल, तर ते मोजता येतं. जाणकार वायरमनकडूनच करून घ्या, कारण पेटी उघडी आणि लाइन चालू असते.

मोटर डेल्टात येऊन नीट लोडवर आली की टाँग टेस्टरची चिमटी आधी डीपीकडून येणाऱ्या एका तारेवर लावायची. मग मोटरकडे जाणाऱ्या सहांपैकी एका तारेवर. पहिला आकडा दुसऱ्याच्या १.७३ पट असेल. आपल्या मोटरला १४.४ आणि ८.३, किंवा लोड थोडा कमी असेल तर समजा १२.१ आणि ७. आकडे वेगळे असतील, प्रमाण तेच. शेवटी रिलेमधून जाणाऱ्या तारेवर चिमटी लावा. तिथे जो आकडा दिसेल, तो मोठा की छोटा, त्यावरून रिले लाइनमध्ये आहे की फेजमध्ये, हे ठरलं.

चिमटीत एका वेळी एकच तार घ्यायची. तिन्ही आत घेतल्या तर टेस्टर शून्य दाखवतो. टेस्टर बिघडलेला नसतो. बॅलन्स्ड लोडमध्ये तिन्ही तारांच्या करंटची बेरीज कुठल्याही क्षणी शून्यच असते.

केबल निवडतानाही हेच दोन आकडे उपयोगी पडतात. डीपीपासून स्टार्टरपर्यंतची केबल १४.४ च्या हिशेबाने घ्यायची. स्टार्टरपासून मोटरपर्यंतच्या सहा तारांना प्रत्येकी ८.३ च न्यायचे असतात, म्हणून त्या थोड्या बारीक चालतात.

व्होल्टेज पडलं की काय होतं?

सूत्राच्या मर्यादा इथे सुरू होतात. इम्पिडन्स ५० ओहम आहे असं धरून व्होल्टेज ४१५ वरून ३५० केलं, तर गणित सांगतं की फेज करंट ७ वर येईल आणि लाइन करंट १२.१ वर. हीटरच्या बाबतीत हे खरं आहे. व्होल्टेज कमी, करंट कमी, उष्णता कमी.

मोटर मात्र हट्टी असते. पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं, त्यामुळे मोटर तेवढीच पॉवर मागते. थोडी हळू फिरते, तिचा इम्पिडन्स कमी होतो, आणि ती व्होल्टेजची तूट करंट वाढवून भरून काढते. म्हणून इथे हिशेब उलट्या बाजूने करायचा. पॉवर ८.२७ किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर ०.८ कायम धरला, तर

I_L = ८,२६७ ÷ (१.७३२ × ३५० × ०.८) ≈ १७ ॲम्पिअर

आणि वायंडिंगमध्ये १७ ÷ १.७३२ = ९.८ ॲम्पिअर. प्रत्यक्षात पॉवर फॅक्टर आणि कार्यक्षमता थोडी हलते, त्यामुळे हा अंदाज आहे, पण दिशा पक्की आहे.

८.३ वर लावलेल्या रिलेला हे ९.८ म्हणजे १८ टक्के जास्त दिसतात. तो काही वेळाने मोटर बंद करतो, आणि शेतकरी 'रिले सारखा पडतो' म्हणून तक्रार करतो. १४.४ वर लावलेल्याला मात्र ९.८ ही आरामाची अवस्था वाटते. सुरुवातीच्या गोष्टीतली मोटर अशीच गेली: रिले चालू स्थितीत होता, त्याला पडण्याचं कारणच कधी दिसलं नाही.

आणि एक फेज गेला तर?

आतापर्यंत सगळीकडे 'बॅलन्स्ड' हा शब्द गृहीत होता. डीपीवरचा एक फ्यूज उडाला की तो संपतो.

समजा बी तार गेली. आता आर आणि वाय या दोनच तारा उरल्या. त्यांच्यामधल्या वायंडिंगला अजूनही पूर्ण ४१५ मिळतात. उरलेली दोन वायंडिंग एकामागोमाग एक जोडली जाऊन त्याच ४१५ वर येतात, म्हणजे प्रत्येकाला निम्मे. प्रत्येकी ५० ओहमचा स्थिर लोड असेल तर पहिल्यात ८.३, दुसऱ्या दोघांत ४.१५, आणि तारेत दोन्ही मिळून १२.४५ ॲम्पिअर. इथे १२० अंशांचा फरकच उरला नाही, म्हणून साधी बेरीज चालते. गुणोत्तर १.७३ नव्हे, १.५ झालं. भट्टीची उष्णता बरोबर निम्मी होते: ८.२७ ऐवजी ४.१३ किलोवॅट. भट्टी तापायला वेळ लागतोय आणि टाँग टेस्टरवर एका तारेत शून्य, दोन तारांत सारखा पण कमी करंट, एवढ्यावरून हे निदान होतं.

चालू मोटर मात्र इथेही तेवढंच पाणी उचलायला बघते, त्यामुळे उरलेल्या दोन तारांतला करंट बराच वाढतो आणि त्याचा मोठा वाटा एकाच वायंडिंगच्या वाट्याला येतो. अशी जळलेली मोटर रिवायंडिंगवाल्याने उघडली की त्याला कारण लगेच कळतं. ओव्हरलोडने जळलेल्या मोटरची तिन्ही वायंडिंग सारखीच काळी झालेली असतात. डेल्टातली मोटर एक फेज जाऊन जळली असेल, तर एकाच फेजची कॉइल काळी पडलेली असते आणि उरलेल्या दोन फेजचं तांबं बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं.

रिले १.७३ ने भागून बरोबर लावला असेल, फेजच्या तारांवर बसवलेला असेल आणि तिन्ही तारा त्याच्यातून जात असतील, तर त्या एका वायंडिंगचा वाढलेला करंट त्याला दिसतो. फक्त दोन तारा घेऊन तिसरी बाहेरून नेलेली असेल, तर जळणारं वायंडिंग नेमकं त्या तिसऱ्या तारेवरचं असू शकतं. झाकण उघडलंच आहे तर चकतीसोबत तेवढं बघून घ्यायला हरकत नाही.